अप्रूव्ह झालेला कोड मागे का घ्यावा लागतो?

‘दोघांनी तपासलंय, आता बग येणार नाही’ ही समजूत सॉफ्टवेअर टीममध्ये अजून घट्ट आहे. ती खरी की खोटी हे मोजता येतं. पुल रिक्वेस्ट म्हणजे कोडमधला प्रस्तावित बदल. तो रिव्ह्यूत अप्रूव्ह होऊन मर्ज झाल्यावर पुढे मागे घ्यावा लागला (रिव्हर्ट), किंवा घाईने दुरुस्ती करावी लागली (हॉटफिक्स), तर रिव्ह्यूतून काहीतरी निसटलं असण्याची शक्यता आहे.

रिव्हर्ट शोधणं सोपं. गिट स्वतःच संदेशात `This reverts commit` असं लिहून ठेवतं. हॉटफिक्स मात्र आपलं मूळ सांगत नाही, ते खणून काढावं लागतं, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग.

समजा, तिकीट बुकिंगच्या कोडमध्ये ४२व्या ओळीवर होतं `if requested >= available:` आणि पुढे बुकिंग नाकारलं जात होतं. दोन जागा शिल्लक असताना कोणी दोनच मागितल्या तरी नकार! हॉटफिक्समध्ये `>=` चं `>` झालं. आता हॉटफिक्सच्या आधीच्या अवस्थेत जाऊन विचारायचं, की ही चुकीची ओळ कोणत्या बदलातून आली?

```
git blame -w -L 42,42 9f3c2e1^ -- booking.py
```

इथे `9f3c2e1` हा हॉटफिक्स, आणि `^` म्हणजे त्याच्या लगेच आधीची अवस्था. `-w` विसरलात तर फक्त इंडेंटेशन नीट करणाऱ्या बिचाऱ्या माणसावर ठपका येतो. सापडलेल्या कमिटवरून मूळ पुल रिक्वेस्ट मिळते, आणि मग ती उघडून वाचायची. चुकीची ओळ तिथे समोरच होती का? होती, तर रिव्ह्यूत निसटली. बिघाड सर्व्हरच्या सेटिंगमुळे झाला असेल, तर तो रिव्ह्यूच्या खात्यात घालणं अन्याय आहे. हॉटफिक्सने जुनी ओळ न बदलता राहून गेलेली तपासणी नव्याने घातली असेल, तर `blame` ला धरायला ओळच नसते; तिथे माणसानेच इतिहास वाचावा लागतो.

या आकड्यावरून रिव्ह्यूअरची क्रमवारी लावणारे रंगीत डॅशबोर्ड मला अजिबात पटत नाहीत. एकाच्या ८ रिव्ह्यूंपैकी १ बदल मागे आला म्हणजे १२.५ टक्के, दुसऱ्याच्या ८० पैकी ६ म्हणजे ७.५ टक्के. पहिल्याचा तो एक बदल टिकला असता तर त्याचा आकडा थेट शून्य झाला असता. शिवाय अवघड कोड बहुधा अनुभवी माणसाकडेच तपासायला जातो.

मुदतीचाही प्रश्न आहे. कालच मर्ज झालेल्या बदलाला बिघडायला वेळच मिळालेला नसतो, म्हणून त्याला आजच्या हिशेबात धरू नये. मर्जनंतर ३० दिवस पाहायचे ठरवलं, तर सगळ्याच बदलांना तेवढे दिवस द्यावेत. तरी काही चुका हातून सुटतातच. ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड बग २०११च्या शेवटच्या दिवशी रिव्ह्यू होऊन कोडमध्ये आला आणि जाहीर झाला ७ एप्रिल २०१४ ला. तीस दिवसांच्या मोजणीत तो बदल निर्दोष ठरला असता.