डब्यात पेरू का आहे आणि चहा का नाही: लोहाच्या कमतरतेविषयी आमच्या ग्राहक भगिनींसाठी माहितीपत्रक

सकाळचा व्यायाम आटोपून आमच्याकडून नाश्त्याचा डबा नेणाऱ्या भगिनी दोन प्रश्न हमखास विचारतात. डब्यासोबत चहा का मिळत नाही, हा पहिला प्रश्न आणि उसळ-भाकरीच्या डब्यात पेरूच्या फोडी कशासाठी, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, परंतु डबा हातात देता देता ते नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे.

यवतेश्वरच्या घाटात धावणाऱ्या, शाहू क्रीडा संकुलाच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या किंवा व्यायामशाळेत वजने उचलणाऱ्या महिलांच्या शरीरातील लोह अनेक वाटांनी खर्च होत असते. सर्वांत मोठा खर्च मासिक पाळीचा असतो. त्यात घामावाटे जाणारे लोह, लांब पल्ल्याच्या धावण्यात पावलांच्या आघाताने फुटणाऱ्या तांबड्या पेशी आणि आतड्यातून होणारा अगदी किंचित रक्तस्राव यांची भर पडते. शिवाय वजन कमी करण्यासाठी जेवण तोडले असेल, तर आत येणारे लोहही कमी होते. ही कमतरता एका दिवसात दिसत नाही. शरीर आधी साठ्यातले लोह वापरते आणि साठा संपत आल्यावरच हिमोग्लोबिन उतरू लागते. म्हणूनच हिमोग्लोबिनचा अहवाल चांगला असूनही चढावर पूर्वीपेक्षा लवकर दम लागणे, नेहमीच्या अंतराला जास्त वेळ लागू लागणे, व्यायामानंतरचा थकवा दुसऱ्या दिवशीही न उतरणे असे घडू शकते. कच्चे तांदूळ, माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणे हेदेखील लोह कमी असल्याचे लक्षण असू शकते. घरात त्याला वाईट खोड म्हणून रागावले जाते, पण रागावण्यापेक्षा तपासणी करून घेणे अधिक योग्य.

साठा कळतो तो फेरिटिनच्या तपासणीतून. ही तपासणी नेहमीच्या रक्ततपासणीत धरलेली नसते, ती वेगळी सांगावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या प्रौढ महिलेचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असल्यास रक्तक्षय आणि फेरिटिन १५ च्या खाली असल्यास साठा रिकामा समजतात. खेळाडूंच्या बाबतीत मात्र अनेक क्रीडावैद्य ३५ च्या खालीच सावध होतात. ताप, सर्दी किंवा अंगात कोठेही सूज असताना फेरिटिन फसवे वाढते. त्यामुळे आजारपणात किंवा फार कठीण सरावाच्या दुसऱ्याच दिवशी ही तपासणी करू नये.

किती खाल्ले आणि किती अंगी लागले

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ महिलेला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे. हा आकडा इतका मोठा आहे, कारण आपल्या धान्य-कडधान्याच्या आहारातील लोहापैकी सुमारे ८ टक्केच अंगी लागते असे त्यात गृहीत धरले आहे. म्हणजे प्रत्यक्ष रक्तापर्यंत पोहोचायला हवे ते दोन-सव्वादोन मिलिग्रॅम. मटण, काळीज, मासे यांतील लोहाचा एक भाग वेगळ्या स्वरूपात असतो. तो सहज शोषला जातो आणि चहाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. बाजरी, मटकी, हरभरा, पालेभाज्या यांतील लोहाचे तसे नाही. ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात विरघळलेल्या अवस्थेत असावे लागते आणि शोषले जाण्यापूर्वी त्याचे रूपही बदलावे लागते. त्याच ताटातील इतर पदार्थ हे काम सोपे करतात किंवा अडवतात.

एक उदाहरण घेऊ. पोलीस भरतीसाठी ८०० मीटरचा सराव करणारी एकवीस वर्षांची मुलगी धावून आल्यावर बाजरीची एक भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ खाते. भाकरीला ६० ग्रॅम पीठ आणि उसळीला ४० ग्रॅम कोरडी मटकी लागली असे धरले, तर या नाश्त्यात साधारण ७ मिलिग्रॅम लोह आहे. कागदावर हा नाश्ता उत्तमच दिसतो. पण सोबत कपभर चहा असेल आणि त्यामुळे शोषण ३ टक्क्यांवर आले, तर अंगी लागले जेमतेम ०.२ मिलिग्रॅम. चहा बाजूला ठेवून अर्धा पेरू खाल्ला आणि शोषण ९ टक्क्यांपर्यंत गेले, तर तेच ०.६ मिलिग्रॅमच्या वर जाते. हे टक्के प्रत्येकीच्या साठ्यानुसार बदलतात, साठा जितका कमी तितके शरीर अधिक ओढून घेते. तरीही फरक कोणत्या दिशेने आणि साधारण किती पडतो, हे या हिशेबावरून लक्षात यावे. भाकरी तीच, उसळ तीच, खर्चही जवळपास तोच.

चहा केव्हा घ्यावा

चहातील तुरट द्रव्ये लोहाशी बांधली जातात आणि ते विरघळू देत नाहीत. हा दोष चहाच्या पावडरीचा आहे. आले-वेलदोडा घातल्याने, साखर कमी केल्याने किंवा दूध वाढवल्याने तो जात नाही. ग्रीन टी आणि कॉफी यांनाही हे लागू आहे, कॉफीचा परिणाम चहापेक्षा काहीसा कमी असतो इतकेच. साताऱ्यात चहा-चपाती हा अनेक घरांचा नाश्ता आहे आणि लोहाच्या दृष्टीने ही जोडी सर्वांत वाईट, कारण चपातीतील लोह त्या चहातच बुडवून खाल्ले जाते.

आम्ही चहा सोडायला सांगत नाही, कारण तशी गरजच नाही. परिणाम होतो तो चहा आणि जेवण एका वेळी पोटात असताना. दोहोंत किमान एक तासाचे अंतर ठेवले की नुकसान बरेच कमी होते, आणि रक्तक्षय असलेल्या भगिनींनी जेवणानंतर दोन तास थांबावे असे आम्ही सुचवतो. पहाटे पाचला उठल्यावर चहा, साडेपाच ते साडेसहा सराव, सातच्या आत डबा आणि पुढचा चहा नऊच्या सुमारास, असा क्रम आमच्या अनेक ग्राहकांना जमला आहे. दूध आणि दही यांतील कॅल्शियमही लोहाला काही प्रमाणात अडवते, म्हणून डब्यात ताक न देता ते दुपारच्या जेवणासाठी सुचवले आहे. नाचणीविषयीही अनेकजणी विचारतात. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम आहे, परंतु तिच्यात कॅल्शियम आणि तुरट द्रव्ये दोन्ही भरपूर असल्याने लोहासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये.

क जीवनसत्त्व: लिंबाची फोड पुरत नाही

क जीवनसत्त्व लोहाचे रूप बदलून ते विरघळलेले ठेवते. त्यासाठी ते त्याच घासांबरोबर पोटात जायला हवे, सकाळी उसळ आणि संध्याकाळी संत्रे असा मेळ येथे उपयोगी नाही. प्रमाणही महत्त्वाचे आहे. एका जेवणात ५० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व मिळाले तर परिणाम चांगला दिसतो. उसळीवर अर्धे लिंबू पिळले की काम झाले असा सर्वसाधारण समज आहे, पण अर्ध्या लिंबातून निघणाऱ्या दोन चमचे रसात जेमतेम ४-५ मिलिग्रॅम असते. लिंबाने चव येते आणि थोडी मदतही होते, पण ते पुरेसे नाही. पांढऱ्या पेरूत मात्र १०० ग्रॅमला सुमारे २०० मिलिग्रॅम असते, त्यामुळे पाव पेरूदेखील पुरतो. डिसेंबर ते मार्च या काळात महाबळेश्वर-वाईची स्ट्रॉबेरी डब्यात असते (१०० ग्रॅमला साधारण ५० मिलिग्रॅम), उन्हाळ्यात पपई किंवा कच्च्या ढोबळी मिरचीची कोशिंबीर असते. हे सर्व कच्चेच दिले जाते, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते. पेरू घरी चिरून भाजीत शिजवू नये, तसेच लिंबू पिळायचे असेल तर भांडे गॅसवरून उतरवल्यानंतर पिळावे.

मटकी आम्ही रात्रभर भिजवून मोड आणूनच वापरतो. कडधान्याच्या दाण्यात फायटेट नावाचे द्रव्य असते. तेही लोहाला बांधून ठेवते आणि भिजवण्याने, मोड आणण्याने ते कमी होते. मोड अर्ध्या सेंटिमीटरएवढे दिसेपर्यंत थांबावे, नुसती फुगलेली मटकी शिजवू नये.

डबा लगेच खावा, दुपारपर्यंत ठेवू नये

जोरदार व्यायामानंतर यकृतातून हेपसिडिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते आणि ते आतड्यातील लोहाचा दरवाजा लावून घेते. व्यायामानंतर तीन ते सहा तासांत त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. म्हणजे सकाळी सहाला धावून दहा-अकरा वाजता कार्यालयात डबा उघडला, तर लोहासाठी ती वेळ प्रतिकूल ठरते. व्यायाम संपल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात खाल्लेले अधिक अंगी लागण्याची शक्यता असते. यावरील अभ्यास थोड्या धावपटूंवर झालेले आहेत, म्हणून आम्ही याला नियम म्हणत नाही. परंतु लगेच खाण्यात तोटा काहीच नसल्याने तसा आग्रह मात्र धरतो.

डब्याने काय होत नाही

एका जेवणापुरते मोजले की क जीवनसत्त्वाचा परिणाम ठळक दिसतो, पण अनेक महिन्यांच्या मिश्र आहारात तो बराच सौम्य होतो. साठा भरलेला टिकवायला आणि हळूहळू वाढवायला जेवणाची ही जुळणी उपयोगी आहे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलेले असताना केवळ पेरू-उसळीवर विसंबून राहिल्यास महिने वाया जातील, तेथे डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळीच हवी. ती गोळीही चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. तिच्यासोबत क जीवनसत्त्वाची आणखी एक गोळी विकत घेतल्याने फारसा लाभ होत नाही. रोज घेतल्यास पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड घेता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण अनेक महिलांमध्ये एक दिवसाआड घेतलेल्या प्रत्येक गोळीतील लोह अधिक प्रमाणात शोषले जाते असे आढळले आहे.

तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या मात्र सुरू करू नयेत. थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष असलेल्या व्यक्तीचे हिमोग्लोबिनही कमी आणि तांबड्या पेशी लहान दिसतात, पण तिचा लोहाचा साठा पुरेसा असू शकतो. पाळीत रक्तस्राव फार होत असेल किंवा शौचाला काळसर होत असेल, तर कारण शोधणे आधी आवश्यक आहे.

फेरिटिनचा अहवाल असल्यास डबा सुरू करताना त्याची प्रत सोबत आणावी. त्यानुसार उसळीचे प्रमाण बदलून दिले जाते आणि मांसाहार करणाऱ्या भगिनींना आठवड्यातून दोन दिवस खिमा किंवा काळजाचा डबा निवडता येतो. गरोदर असलेल्या किंवा गर्भधारणेचा विचार करत असलेल्या भगिनींनी मात्र काळीज टाळून खिमाच घ्यावा. पुढील तपासणी तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, विश्रांतीच्या दिवशी सकाळी करावी.