उपरोध, ग्राहक-रिव्ह्यूतील : अनुवादापूर्वीची ओळख

परभाषेतील ग्राहकाने वस्तूविषयी लिहिलेला अभिप्राय भाषांतरित करण्यापूर्वी त्यातील स्तुती खरी की उपरोधिक हे ठरवण्याची पद्धत. स्तुती शब्दशः उतरली तर ‘घेऊ नका’ हा कौल ‘जरूर घ्या’ असा होतो. वाक्य व्याकरणशुद्ध असल्याने तपासणीतही चूक सापडत नाही. या नोंदीत विवेचन मुख्यतः जर्मन रिव्ह्यूंपुरते ठेवले आहे, कारण त्या भाषेत उपरोधाची ठरीव वाक्ये भरपूर आहेत आणि त्यांतली काही शब्दकोशातील अर्थाने वाचली की हमखास उलटतात.

संकल्पना व मतभेद. ‘शब्द चांगले, अर्थ वाईट’ या प्रकाराला भारतीय काव्यशास्त्रात कोठे बसवावे यावर एकमत नाही. साधारणपणे व्याजस्तुती या अलंकाराकडे बोट दाखवले जाते. परंतु भामह (बहुधा सातवे शतक, काहींच्या मते त्याआधी) व दंडी यांच्याकडे व्याजस्तुती म्हणजे निंदेच्या मिषाने केलेली स्तुती, म्हणजे रिव्ह्यूतील उपरोधाच्या नेमकी उलट दिशा. स्तुतीच्या मिषाने निंदा ही दुसरी बाजू मम्मटाच्या (सुमारे अकरावे शतक) लक्षणात स्पष्टपणे येते. रिव्ह्यूला अधिक जवळचे उदाहरण मात्र त्याच्याच काव्यप्रकाशाच्या चौथ्या उल्लासात ध्वनीच्या, म्हणजे सूचित अर्थाच्या, विवेचनात आहे : ‘उपकृतं बहु तत्र किमुच्यते सुजनता प्रथिता भवता परम्’. अपकार करणाऱ्याला कोणी म्हणतो, तुमचे उपकार काय सांगावेत, सौजन्य तर तुम्ही गाजवलेत, असेच करत शंभर वर्षे सुखाने जगा. येथे वाच्यार्थ पूर्ण बाजूला पडतो. तो का पडतो, तर बोलणाऱ्यावर अपकार झाला आहे हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते म्हणून. श्लोक सुटा हातात आला तर तो आभारपत्र म्हणूनही खपेल.

पाश्चात्त्य परंपरेत रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियनपासून ‘बोलले त्याच्या विरुद्ध समजावे’ ही व्याख्या चालत आली. एच. पी. ग्राइस यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात तिला संभाषणाच्या नियमांचा आधार दिला : वक्ता उघडच खोटे बोलतो, तेव्हा ऐकणारा दुसरा अर्थ शोधतो. १९८१ मध्ये डॅन स्पर्बर व डिअर्ड्रे विल्सन यांनी वेगळे मत मांडले. उपरोध करणारा विरुद्ध अर्थ सांगत नसतो. तो कोणाचे तरी म्हणणे प्रतिध्वनीसारखे परत उच्चारतो आणि त्यापासून स्वतःला अलग ठेवतो. १९८४ मध्ये क्लार्क व गेरिग यांनी त्याऐवजी सोंगाची उपपत्ती मांडली : बोलणारा भाबड्या माणसाचे सोंग घेतो. तिन्ही मतांना पुरावे आहेत, पण रिव्ह्यूपुरते बोलायचे तर प्रतिध्वनीचे मत अधिक उपयोगी पडते, कारण ज्याचा प्रतिध्वनी उमटतो तो मूळ आवाज बहुधा हाताशी असतो. तो म्हणजे विक्रेत्याने केलेले वस्तूचे वर्णन. ‘विरुद्ध समजावे’ हा नियम मात्र अनुवादात अनेकदा फसतो. बिघडलेल्या किटलीविषयी ग्राहकाने लिहिलेल्या ‘फुलदाणी म्हणून बरी दिसते’ या वाक्याला नकार जोडला तर ‘फुलदाणी म्हणून बरी दिसत नाही’ एवढेच हाती लागते. किटली बिघडली हे त्यातून निघत नाही.

लेखी उपरोधाच्या खुणा. बोलण्यात काकू, म्हणजे आवाजाचा हेल, अर्थ फिरवतो. लिखाणात तो जातो आणि त्याची जागा इतर गोष्टी घेतात. जर्मनमध्ये त्यांतली सर्वांत विश्वासार्ह खूण अवतरणचिन्हांची : दर्जा हा शब्द अवतरणात आला की तो बहुधा ‘तथाकथित दर्जा’ असतो. ‘या’ हा छोटा अव्ययशब्द (‘दास इस्ट या टोल’, हे तर भन्नाटच) आणि सुरुवातीचा ‘ना’ (‘ना टोल’, वा, छानच) याही खुणाच, पण कच्च्या. ‘या’ सरळ वाक्यातही पावलोपावली येतो, म्हणून तेवढ्यावर कौल ठरवू नये. उद्गारचिन्हांचे तर काही खरे नाही. मनापासून खूश झालेला माणूसही तीन-तीन टाकतो.

दुसरा गट ठरीव वाक्यांचा. ‘दास हाट मिअर गेराडं नोख गेफेल्ट’ याचा शब्दार्थ ‘नेमकी हीच गोष्ट माझ्याकडे कमी होती’, वापर मात्र मराठी ‘एवढंच बाकी राहिलं होतं’ सारखा. ‘श्योनं बेशेरुंग’ शब्दशः नाताळच्या भेटींचे सुंदर वाटप, प्रत्यक्षात ‘काय घोळ घातलाय’. चांगल्या कोशात ही वाक्ये सापडतात, पण ती शोधावी असा संशय आधी यावा लागतो.

‘श्टेट्स बेम्युट’ (सतत प्रयत्नशील) ही कथा निराळी. तिचे मूळ नोकरी सोडताना मिळणाऱ्या प्रमाणपत्रात आहे. जर्मनीत कर्मचाऱ्याला असे प्रमाणपत्र मागण्याचा हक्क आहे आणि न्यायालयीन निर्णयांनुसार त्यातील सूर सद्‌भावनेचा असावा लागतो. गेव्हेर्बेओर्डनुंग या व्यवसायविषयक कायद्याचे कलम १०९ त्यात सांकेतिक दुहेरी अर्थाला मनाई करते. तरीही वाईट लिहिता येत नसल्याने सौम्य शब्दांची एक उतरंड तयार झाली, आणि तिच्या तळाशी ‘त्याने सतत प्रयत्न केले’ हे वाक्य जाऊन बसले. अर्थ असा, की प्रयत्न केले, जमले काही नाही. आता ते विनोदाने कोणालाही लावतात. ग्राहकसेवा ‘श्टेट्स बेम्युट’ होती असे दिसले, तर मदत मिळाली नाही असे वाचावे.

पद्धत. पहिली अट ही, की नुसता मजकूर घेऊन बसू नये. अनुवादाला येणाऱ्या तक्त्यात पुष्कळदा मजकुराचाच रकाना असतो. तारे, शीर्षक, फोटो, विक्रेत्याचे उत्तर आणि वस्तूचे वर्णन मागून घ्यावे. मग वाक्ये दोन रकान्यांत टाकावीत : एकात घडलेल्या गोष्टी (काय तुटले, किती दिवसांनी, पैसे परत मिळाले का), दुसऱ्यात मूल्यमापनाचे शब्द. घटना वाईट आणि शब्द गोड, ही जोडी उपरोधाची सर्वांत पक्की निशाणी. २०१३ मध्ये एलन रिलॉफ व सहकाऱ्यांनी ट्विटरवरील मजकुरात नेमकी हीच जोडी यंत्राकरवी शोधली होती. त्यानंतर गोड शब्द विक्रेत्याच्या वर्णनातून उचललेत का ते पाहावे. शेवटी, अनुवादाला हात घालण्यापूर्वी, कौल एका ओळीत लिहून ठेवावा.

वासरकोखर, म्हणजे विजेची किटली, हिच्यावरचा नमुन्यादाखल रचलेला रिव्ह्यू पाहा. विक्रेत्याच्या वर्णनात ‘लांगलेबिश’ (दीर्घकाळ टिकणारी) हा शब्द आहे. ग्राहक लिहितो : (१) उत्पादकाचे हार्दिक अभिनंदन! (२) तीन आठवड्यांनी झाकण तुटले. (३) यालाच मी „लांगलेबिश“ म्हणतो. (४) ग्राहकसेवा ‘श्टेट्स बेम्युट’ होती. (५) ‘त्सुगेगेबन’, पाणी झटपट उकळायचे. (६) फुलदाणी म्हणून ती बरी दिसते.

घटनांच्या रकान्यात फक्त दुसरे वाक्य निर्विवाद जाते, आणि बाकीचे सगळे त्याच्या उजेडात वाचायचे आहे. तिसऱ्यात वर्णनातलाच शब्द अवतरणात परत आला, म्हणजे प्रतिध्वनी सिद्ध. पहिले वाक्य एकटे असते तर खरे अभिनंदनही ठरले असते. दुसऱ्या-तिसऱ्यानंतर ती शक्यता उरत नाही. चौथे वर सांगितलेच. खरी कसोटी पाचव्या वाक्याची. उपरोध सापडल्याच्या भरात ‘पाणी लवकर उकळत नव्हते’ असे करून टाकण्याचा मोह होतो. पण ‘त्सुगेगेबन’ म्हणजे ‘मान्य’, आणि या शब्दाने लिहिणारा क्षणभर सोंग उतरवतो. ही एकच स्तुती खरी आहे, ती तशीच ठेवायची. सहाव्यात ‘किटली म्हणून निरुपयोगी’ हे न बोलता सांगितले आहे. कौल : घेऊ नका, टिकत नाही, गती ठीक होती.

मराठीत उपरोध ठेवायचा की उकलायचा हे वापरावर ठरते. वाचकासाठी असेल तर ठेवावा : ‘अभिनंदन कंपनीचं! तीन आठवड्यांत झाकण हातात आलं. याला म्हणतात “टिकाऊ”. ग्राहकसेवेने प्रयत्न तेवढे केले. पाणी झटपट उकळायचं, हे मान्य. आता फुलदाणी म्हणून बरी दिसते.’ ‘प्रयत्न तेवढे’ यातला ‘तेवढे’ काढला की ग्राहकसेवेचे कौतुक होते. सगळा भार त्या एका शब्दावर आहे. तक्रारींच्या तक्त्यात भरायचा असेल तर मात्र उकलून सरळ लिहावे, कारण तेथे ‘अभिनंदन’ हा शब्द अनुकूल म्हणून मोजला जाण्याची भीती असते. अनुवाद झाला की मूळ न पाहिलेल्या मराठी वाचकाला फक्त एवढे विचारावे : हा माणूस घे म्हणतो की नको? उत्तर आधी लिहिलेल्या ओळीशी जुळले पाहिजे.

मर्यादा. ताऱ्यांवर भिस्त ठेवणे सोपे वाटते, पण ते पुरत नाही. एलेना फिलातोवा यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अ‍ॅमेझॉनवरील इंग्रजी रिव्ह्यूंच्या संग्रहात ४३७ उपरोधिक रिव्ह्यू होते. त्यांपैकी २६२ एक-ताऱ्याचे, पण ११४ पाच-ताऱ्यांचे होते. म्हणजे तारेही थट्टेत दिले जातात. २०१२ मध्ये ‘खास स्त्रियांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिकच्या पेनांवर असे थट्टेखोर रिव्ह्यू मोठ्या संख्येने आले. ‘आता मलाही लिहिता येते’ या धाटणीच्या स्तुतीत पेन तुटल्याची तक्रार नसते. थट्टा वस्तूच्या कल्पनेचीच असते, त्यामुळे दोन रकान्यांची युक्ती तेथे लागू पडत नाही. घटनांचा रकाना अशक्य फायद्यांनी भरला, तर सोंग ओळखावे.

उलट बाजूची चूक, म्हणजे नसलेला उपरोध दिसणे, जर्मनच्या बाबतीत तितकीच होते. ‘दा कान मान निश्ट मेकर्न’ (कुरकुरायला जागा नाही) ही विशेषतः बर्लिनकडे चांगलीच पसंती असते. श्वाबेन भागातली म्हण तर शिव्या दिल्या नाहीत म्हणजे पुरेशी स्तुती झाली, असे म्हणते. ‘जे करायचे ते करते’ हे कोरडे वाक्य टोमणा नसते. शिवाय आकड्यांचा एक गोंधळ आहे, ज्याचा उपरोधाशी संबंध नाही पण कौल तसाच उलटतो : जर्मन शाळेत १ हा सर्वोत्तम आणि ६ हा सर्वांत वाईट गुण. १९६४ मध्ये स्थापन झालेली श्टिफ्टुंग वारनटेस्ट ही चाचणीसंस्थाही याच दिशेने गुण देते. १.५ पर्यंत ‘झेअर गूट’ (अत्युत्तम), तर ४.६ पासून ‘मांगलहाफ्ट’ (सदोष). रिव्ह्यूत ‘माझ्याकडून सरळ ६’ असे आले, तर ते सहा तारे नव्हेत.