‘निनावी’ लिहिता आणि मोबाइल नंबरही मागता?

ज्येष्ठांच्या ऑनलाइन आरोग्य सर्वेक्षणाच्या संमतीत काय असावं, हे बहुतेकांना पाठ असतं. सर्वेक्षण कशासाठी, वेळ किती लागेल, भाग घेणं ऐच्छिक आहे, शंका असेल तर कुणाला फोन करायचा. ते इथे पुन्हा उगाळत नाही. माहितीपत्रक आणि संमती यांतला फरकही सरळ आहे: आधी सांगायचं, मग विचारायचं. दोन्ही एकाच पानावर आली तरी काही बिघडत नाही. फक्त ‘मला मान्य आहे’ या चौकोनात आधीच खूण करून ठेवू नका.

घोळ होतो तो ‘निनावी’ आणि ‘गोपनीय’ यांत. लोक हे दोन्ही एका दमात लिहितात, ‘तुमची माहिती निनावी व गोपनीय राहील’, आणि वर ‘१०० टक्के सुरक्षित’ अशी फोडणी देतात. या फोडणीचा मला मनस्वी राग आहे.

निनावी म्हणजे उत्तर कुणाचं आहे हे सर्वेक्षण करणाऱ्यालाही शोधता येत नाही. गोपनीय म्हणजे त्याला ते ठाऊक असतं किंवा शोधता येतं, पण तो बाहेर फोडत नाही. एकाच उत्तराला दोन्ही लागू होत नाहीत.

नाव विचारलं नाही म्हणजे झालं निनावी, असं समजणारे फार. समजा फॉर्ममध्ये नाव नाही, पण गाव, वाडा, पूर्ण वय, घरात कोण कोण असतं आणि औषधं कोणती, हे आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या लहान गावात एकटे राहणारे, इन्सुलिन घेणारे ८४ वर्षांचे आजोबा किती असणार? त्या वाड्यावरचं कुणीही ती ओळ वाचून नाव सांगेल. उपाय आहे. गावाऐवजी तालुका विचारा. गोव्यात १२ तालुके आहेत, बहुतेक कामांना तेवढं पुरतं. वय ६०–६९, ७०–७९, ८० आणि पुढे अशा गटांत घ्या. अहवालाच्या तक्त्यात एखाद्या गटात पाचपेक्षा कमी माणसं उरली, तर तो गट शेजारच्या गटात मिसळा.

दुसरी गळती फॉर्मच्या मागच्या बाजूला असते. Google Forms मध्ये ईमेल गोळा करण्याची सोय `Do not collect` वर आहे का ते बघा. तरीही उत्तरांच्या तक्त्यात `Timestamp` हा रकाना येतोच. स्वयंसेविका घरोघर जाऊन आजींना फॉर्म भरून देत असेल आणि तिच्या वहीत ‘११.२० वाजता अमुक घर’ अशी नोंद असेल, तर वही आणि रकाना जुळवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळी लिंक पाठवली असेल, तर तो फॉर्म निनावी नाहीच.

हा फरक सगळ्यांत जास्त बोचतो तो माघार घेताना. ‘निनावी’ लिहून खाली ‘तुम्ही केव्हाही माहिती मागे घेऊ शकता’ असं लिहिलेलं मी सारखं बघतो. कुणाची ओळ पुसणार? ती ओळखता येत नाही, हेच तर आधी सांगितलंत. म्हणून निनावी फॉर्ममध्ये असं लिहा:

‘आम्ही तुमचं नाव, फोन किंवा गाव विचारत नाही. कुठलं उत्तर कुणाचं, हे आम्हालाही कळणार नाही. त्यामुळे “पाठवा” दाबल्यावर तुमची उत्तरं काढून टाकता येणार नाहीत. त्याआधी केव्हाही फॉर्म बंद करू शकता.’

आणि गोपनीय असेल तर:

‘तुमचा फोन नंबर आम्ही घेतो, कारण तीन महिन्यांनी पुन्हा विचारायचं आहे. नंबर आणि उत्तरं वेगवेगळी ठेवू. ती जोडणारी यादी फक्त आमच्या दोन संशोधकांकडे असेल. दुसऱ्या फेरीनंतर ती यादी नष्ट करू. तोपर्यंत फोन केलात तर तुमची उत्तरं काढून टाकू.’

माणसं किती, मुदत कधीपर्यंत, हे खरं असेल तेच लिहा. ‘काटेकोर गोपनीयता राखली जाईल’ या वाक्यातून आजोबांना काहीच कळत नाही.

मला विचाराल तर ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी प्रामाणिक गोपनीय फॉर्मच बरा. जगणं नकोसं वाटतं असं कुणी लिहिलं, तर निनावी फॉर्ममध्ये त्या माणसापर्यंत पोचायची वाटच नसते. निनावीच ठेवायचं असेल, तर निदान टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच प्रश्नाखाली द्या.

एक गोष्ट दोन्ही प्रकारांत राहून जाते. आजींचा फोन बऱ्याचदा नातू चालवतो. तुमच्यापासून उत्तर लपलं तरी त्याच्यापासून लपत नाही, मग लघवी न आवरण्याविषयीच्या प्रश्नाला आजी ‘नाही’च सांगणार. म्हणून संमतीतच लिहा: ‘कुणी मदत करत असेल तर त्यांना तुमची उत्तरं दिसतील. नको असलेला प्रश्न सोडून द्या.’ आणि तो प्रश्न सोडता येईल असा ठेवा, `Required` बंद.