खुल्या उत्तरांचे कोडिंग आणि शब्दगणना

सर्वेक्षणात दिलेल्या पर्यायांवर खूण न करता उत्तर देणारा स्वतःच्या शब्दांत जे सांगतो, ते खुले उत्तर. अशी उत्तरे वाचून प्रत्येकातील मुद्द्याला ठरावीक वर्ग देणे म्हणजे कोडिंग, आणि कोणता शब्द किती वेळा आला हे मोजणे म्हणजे शब्दगणना. शब्दगणना संगणकावर क्षणात होते, कोडिंगला दिवस जातात; म्हणून पुष्कळदा गणनेवरच भागवले जाते. मराठीत ते धोक्याचे आहे आणि सोलापुरात अधिकच.

समजा, सोलापुरात विचारले, ‘नळाच्या पाण्याबद्दल तुमची मुख्य अडचण कोणती?’ शहरात पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे उत्तरे भरभरून मिळतात. गणनेत ‘पाणी’ पहिले येणार, पण तो शब्द प्रश्नातलाच आहे. त्यातून काहीच कळत नाही. शिवाय पाणी, पाण्याची, पाण्यासाठी, पाण्यानं ही रूपे संगणकाला चार वेगळे शब्द वाटतात. ती एका मूळ शब्दाखाली आणल्याशिवाय आकडे विखुरलेलेच राहतात. पायथॉनमध्ये त्याआधीच एक खड्डा आहे:

```python
import re
re.findall(r"\w+", "पाणी")   # ['प', 'ण']
"पाणी नाही".split()          # ['पाणी', 'नाही']
```

`re` मधला `\w` काना-वेलांटीला अक्षर मानत नाही, त्यामुळे शब्दाचे तुकडे होतात. यादीत सुटी व्यंजने दिसू लागली की हाच दोष समजावा. मोकळ्या जागेवर तोडणारे `split()` बरे, फक्त विरामचिन्हे आधी काढून टाकावी लागतात.

अर्थाची अडचण याहून मोठी. ‘वेळेवर येतं, पण धार बारीक’ आणि ‘कधीच वेळेवर येत नाही’ या दोन्हींत ‘वेळेवर’ एकेकदा आहे. किरकोळ शब्द गाळताना ‘नाही’ही गाळला, तर तक्रार आणि समाधान एकाच रकान्यात जातात.

सोलापूरची खास गोष्ट अशी की घरोघरी मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते. पूर्व भागात एखादी विडी कामगार बाई तेलुगूत बोलते आणि सर्वेक्षक ते मराठीत लिहून घेतो. मग ‘पाणीटंचाई’ हा शब्द बाईचा नसतो, सर्वेक्षकाचा असतो, आणि शब्दगणना त्याचीच सवय मोजते. हे ओळखायला गणना सर्वेक्षकनिहाय करून पाहावी: एखादा शब्द एकाच माणसाच्या अर्जांत दाटला असेल, तर तो निष्कर्षात धरू नये. त्याहून चांगले म्हणजे उत्तर बोलल्या भाषेतच लिहून घ्यावे.

म्हणून वर्ग वाचूनच ठरवावे लागतात. साधारण पन्नास उत्तरे वाचून कोडबुक तयार होते. त्यात प्रत्येक कोडची व्याख्या, काय धरायचे, काय धरायचे नाही आणि एक नमुना असतो. ‘अवेळ’ या कोडमध्ये रात्री-पहाटे पाणी येणे आणि वेळ न कळणे धरायचे. किती दिवसांआड येते ही तक्रार त्यात धरायची नाही, तिला ‘खंड’ हा वेगळा कोड. ‘रात्री दोनला येतं, आणि पहिलं अर्धा तास गढूळ’ या उत्तराला ‘अवेळ’ आणि ‘गढूळ’ असे दोन कोड मिळतात. ‘इतर’ फुगू लागला, तर त्यात एखादा वर्ग दडलेला असतो.

मग तीच उत्तरे दोघांनी एकमेकांना न विचारता कोड करायची. समजा, 50 उत्तरांत ‘अवेळ’ कोड दोघांनी 18 वेळा दिला, दोघांनीही 24 वेळा दिला नाही, 3 वेळा फक्त पहिल्याने आणि 5 वेळा फक्त दुसऱ्याने दिला. एकमत 42, म्हणजे 0.84. पण काही एकमत योगायोगानेही होतेच. पहिल्याने एकूण 21 आणि दुसऱ्याने 23 वेळा कोड दिला, यावरून तो योगायोग 0.506 निघतो. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेला ‘कापा’ हा एकमताचा मापांक तो योगायोग वजा करतो:

```
(0.84 - 0.506) / (1 - 0.506) = 0.68
```

हे कामचलाऊ आहे. आकड्यापेक्षा मतभेदाची ती आठ उत्तरे मोलाची: ती समोर ठेवून वाद घातला की बहुधा व्याख्येतली फट सापडते. ‘कधी येईल नेम नाही’ हे एकाने ‘अवेळ’ धरले, दुसऱ्याने ‘खंड’. व्याख्या दुरुस्त करून आधीची उत्तरेही पुन्हा कोड करावी लागतात. हे कंटाळवाणे काम टाळले, तर एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात.

शब्दगणनेला खरी जागा यानंतर मिळते. ‘अवेळ’च्या उत्तरांतच ‘मोटार’, ‘झोप’, ‘कामाला’ यांपैकी काय वरचेवर येते, हे पाहिले की तक्रारीचा पोत कळतो. टक्के काढताना मात्र भागिले उत्तर देणारी माणसे, कोडची बेरीज नव्हे. एका माणसाला दोन-तीन कोड मिळत असल्याने टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाऊ शकते, आणि तक्त्याखाली तसे लिहावे. रिकामी उत्तरे किती होती, हेही त्याच ठिकाणी सांगावे.