साडेतीनशे की सहाशे : दुधाच्या जगाच्या मापाची पार्श्वभूमी

इंदूरच्या कॅफेंमध्ये आता १५०–१६० मिलीचा कॅपुचिनो आणि ३५० मिलीचा पार्सल लाते एकाच ऑर्डरमध्ये येतात. काउंटरवर मात्र बहुतेक ठिकाणी दूध वाफेवर फेसाळायचा एकाच मापाचा जग दिसतो, ६०० मिलीचा. छोटा, ३५० मिलीचा जग कशाला वेगळा घ्यायचा, मोठ्यात थोडं दूध घेतलं की झालं, हे मालकाचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं. हे म्हणणं कुठून आलं ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

वाफेवर चालणाऱ्या एस्प्रेसो यंत्राचं पेटंट मिलानमध्ये १९०१ साली घेतलं गेलं. पुढे दांड्याच्या दाबाची यंत्रं आली, १९६१ पासून पंपाची. बॉयलरची वाफ नळीतून दुधात सोडायची सोय या काळात रुळली. इटलीतला जग खाली फुगीर, वर निमुळता असायचा आणि त्याचं मुख्य काम दूध तापवणं. कप लहान होते, म्हणून जगही लहान पुरत. फेस कपात कसा पडतो याकडे फारसं कुणी बघत नव्हतं.

आपल्याकडे याचं एक वेगळंच रूप रुळलं. इंदूरच्या लग्नांत हिवाळ्यात कॉफीचा काउंटर लागतो तो आठवून बघा. साखर नि इन्स्टंट कॉफी फेटून ठेवलेली, त्यावर दूध, मग कपातच किंवा स्टीलच्या जगात वाफेची नळी खुपसायची, वरून कोको पावडर. इथे फेस जितका फुगेल तितकं पाहुणे खूश. जग बर्तन बाजारातला कोणताही चालायचा, कारण त्यातून नेमकी धार काढायची गरजच नव्हती. आजही काही कॅफेंत जग निवडण्यामागे हीच सवय दिसते, असं माझं मत आहे.

खरा बदल अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि नंतर झाला. एकीकडे कप ३५०, ४७०, थेट ५९० मिलीपर्यंत वाढले, आणि त्यांना पुरेल म्हणून ६०० मिलीचा जग सर्वसाधारण माप ठरला. दुसरीकडे त्याच भागात कपावर पान नि हृदय काढायचं वेड लागलं, आणि जगाची चोच पहिल्यांदा महत्त्वाची झाली. पहिली जागतिक बरिस्ता स्पर्धा २००० साली झाली. तिच्या नियमांत कॅपुचिनो पुन्हा लहान, १५० ते १८० मिलीच्या घरात होता. म्हणजे जग मोठ्या कपांच्या हिशेबाने आला आणि कौशल्य लहान कपावर तपासलं जाऊ लागलं. बंगळुरात १९९६ मध्ये सुरू झालेल्या साखळीनंतर कॅफे देशभर पसरले, तेव्हा हा विसंगत संच जसाच्या तसा आपल्याकडे आला.

आता त्या वादाचा निर्णय. १६० मिलीच्या कॅपुचिनोत साधारण ३५ मिली एस्प्रेसो जातो, म्हणजे फेसाळलेलं दूध १२५ मिली हवं. दूध पाचव्या हिश्शाने फुगतं असं धरलं तर थंड दूध १०५ मिली घ्यायचं. ६०० मिलीच्या जगाचा तळ सुमारे ९ सेंटीमीटर रुंद असतो, त्यात हे दूध जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर उभं राहतं. नळीचं टोक त्यात सेंटीमीटरभर बुडवलं की खाली जागा उरत नाही. वाफ थेट तळावर आपटते, भोवरा तयार होत नाही, आणि हवा ओढून घेण्याआधीच दूध तापून जातं. कसं ओळखायचं? सुरुवातीचा ‘चस्स चस्स’ आवाज थांबून लगेच किंचाळल्यासारखा आवाज येतो, आणि वर मोठे बुडबुडे राहतात. ते जग आपटून थोडे फुटतात, पण खालचं दूध पातळच असतं. ३५० मिलीच्या जगाचा तळ साडेसात सेंटीमीटरच्या आसपास असतो. तेच दूध तिथे जवळपास अडीच सेंटीमीटर होतं. एवढ्या फरकाने भोवरा फिरायला लागतो.

मोठ्या जगाच्या बाजूचे म्हणतात, मग दोन्ही कपांचं दूध एकत्र तापवा. करून बघू. ३५० मिलीचा पार्सल कप ३३० पर्यंत भरायचा, एस्प्रेसो वजा जाता २९५ मिली. लात्यात फेस कमी, म्हणून थंड दूध साधारण २६० मिली. दोन्ही मिळून ३६५. सहाशेच्या जगात चोच जिथून सुरू होते तिथपर्यंत हे दूध पोहोचतं, म्हणजे फुगायला जागा कमी आणि उतू जाण्याची भीती. शिवाय दोन्ही पेयांना फेस एकसारखा मिळतो, पण कॅपुचिनोला जास्त हवा असतो नि लात्याला कमी. आणि एकाच जगातून लागोपाठ दोन कप ओतले की एका कपात फेस जास्त जातो, दुसऱ्यात पातळ दूध. घाईच्या वेळी काही जण मोठ्यात तापवून लगेच छोट्या जगात अर्धं काढतात आणि दोन्ही घुसळतात. हा तोडगा चालतो, फक्त छोटा जग शेवटी घ्यावाच लागतो.

मोठ्या पेयासाठी मात्र सहाशेच हवा, यात वाद नाही. दूध २०० ते ३५० मिली असेल तर तो उत्तम काम करतो. त्याहून मोठा, लिटरचा जग दोन-तीन मोठे लाते एकदम करायला ठीक. भरलेला जग हातात जड होतो आणि शेवटच्या टप्प्यात मनगट थरथरतं.

चोचीचा प्रश्न इथूनच निघतो. रुंद, गोल चोचीतून जाड धार पडते. हृदय नि ट्युलिपसारखे भरीव आकार तिने सहज येतात, आणि मोठ्या तोंडाच्या कपाला ती शोभते. अरुंद, टोकदार चोचीची धार बारीक, ताब्यात राहणारी, म्हणून लहान कपात ती सोयीची. पानाच्या कडा तिनेच उठतात. जगाच्या काठाची धार बोथट गोल असेल तर हळू ओतताना दूध चोचीखालून वळून जगाच्या पोटावर ओघळतं. काठ नीट कापलेला असेल तर धार तिथेच तुटते. विकत घेताना पाणी भरून अगदी संथ ओतून बघितलं तर हे लगेच कळतं.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी पडते. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३. दाट दुधाचा फेस जड बसतो, आणि जरा जास्त हवा गेली तर अरुंद चोचीतून तो गुठळ्यांनी पडतो. अशा दुधाला मध्यम रुंद चोच जास्त क्षमाशील. त्यात इंदूरचा मे महिना. दूध फ्रीजबाहेर राहिलं की त्यातला स्निग्धांश मऊ होतो आणि फेस टिकत नाही. जग रिकामा असताना फ्रीजमध्ये ठेवला आणि दूध ४ अंशांच्या आसपास घेतलं, तर ६० ते ६५ अंशांपर्यंत जायला वेळ मिळतो. लहान जगात हा वेळ तसाही कमी असतो, म्हणून कॅपुचिनोच्या जगाला फ्रीजमधली जागा आधी द्यावी.