हजेरीपट मोठ्याने वाचला तेव्हा

सामाजिक अंकेक्षण, म्हणजे सरकारी कामांचा हिशेब लोकांनी स्वतः उघडपणे तपासणे, आज शासकीय परिपत्रकांतला शब्द झाला आहे, पण त्याची सुरुवात एका उघड्यावरच्या सभेत झाली. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातील कोट किराना गावात २ डिसेंबर १९९४ रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. पंचायतीच्या कामांची बिले आणि हजेरीपट गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचले गेले. ज्याच्या नावावर मजुरी उचलली होती तो माणूस समोरच बसलेला असे आणि आपण त्या कामावर गेलोच नाही, असे सांगे. पूर्ण झाल्याची नोंद असलेल्या एका इमारतीला छप्परही नव्हते, आणि हे सगळ्या गावाला माहीत होते. कागदात काय लिहिले आहे, हे मात्र गावाला तोवर कुणी सांगितले नव्हते.

मग अशा कागदांच्या नकला मिळवण्याचा लढा सुरू झाला. १९९६ मध्ये राजस्थानातल्याच ब्यावरला त्यासाठी चाळीस दिवस धरणे चालले. राजस्थानने २००० साली माहिती अधिकाराचा कायदा केला, केंद्राचा २००५ मध्ये आला. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्यातल्या कलम १७ ने ग्रामसभेवर सामाजिक अंकेक्षणाची जबाबदारी टाकली.

पण ज्या पंचायतीचा हिशेब तपासायचा, तिच्याच प्रभावाखालची माणसे तपासायला बसली तर ग्रामसभा पाच मिनिटांत ‘सर्व ठीक’ असा ठराव करून मोकळी होते. आंध्र प्रदेशाने २००९ मध्ये यासाठी वेगळी संस्था नोंदवली. २०११ च्या केंद्रीय नियमांनी राज्यांना स्वतंत्र यंत्रणा नेमायला सांगितले, आणि तपासणाऱ्या व्यक्ती त्याच पंचायतीतल्या नसाव्यात, अशी अट घातली. मला हीच अट सगळ्यात मोलाची वाटते.

तपासणी घरोघर चालते. हजेरीपटावरचे दिवस आणि मजुराच्या हाती पडलेली रक्कम पडताळतात, मोजमाप पुस्तिकेतली लांबी-रुंदी जागेवर टेप लावून मोजतात. सही करणाऱ्या माणसाच्या नावापुढे अंगठा दिसला, किंवा एकच मजूर एकाच दिवशी दोन कामांवर हजर असला, की तिथे थांबून विचारायचे.

न्यायालयाला हे गैरप्रकार बसल्या जागी कळणारे नसतात. तिथे साक्ष आणि कागद लागतात, ते या तपासणीतून तयार होतात. उलट, अंकेक्षणाला कुणाला शिक्षा देता येत नाही, रक्कम वसूल करता येत नाही. रोजगार हमी कायद्याखाली २००९ पासून जिल्ह्यांत लोकपाल नेमायची व्यवस्था झाली. तो तक्रार ऐकतो, वसुली आणि कारवाईचे निर्देश देतो. अंमलबजावणी मात्र त्याच प्रशासनाने करायची असते, ज्याच्या कर्मचाऱ्यांवर ठपका असतो. गावाने सभेत सिद्ध केलेली रक्कम वर्षानुवर्षे ‘वसुली प्रलंबित’ या रकान्यात पडून राहते, ती इथेच.