अ‍ॅक्टिव्हेशन फंक्शनची निवड आणि व्हॅनिशिंग ग्रेडियंट

न्यूरल नेटवर्कच्या प्रत्येक थरात बेरीज झाल्यावर तिच्यावर जे अरेषीय फंक्शन लावतात, ते अ‍ॅक्टिव्हेशन फंक्शन. शिकताना चूक शेवटच्या थराकडून पहिल्याकडे येते आणि वाटेत दर थराला त्या थराच्या वजनांनी व फंक्शनच्या उताराने गुणली जाते. उतार सतत १ पेक्षा लहान असले की गुणाकार आटत जातो आणि सुरुवातीचे थर शिकायचेच थांबतात; हाच व्हॅनिशिंग ग्रेडियंट. सेप होखरायटर यांनी १९९१ मध्ये याची मीमांसा केली.

उदाहरणादाखल पुण्याच्या खडकवासला धरणातली आवक घेऊ. पानशेत, वरसगाव आणि टेमघरचा पाऊस हे इनपुट, आणि नेटवर्क दहा थरांचे. सिग्मॉइडचा उतार शून्यापाशी सर्वांत जास्त, तोही फक्त ०.२५. म्हणजे वजने १ च्या आसपास धरली तर दहा थरांनंतर चुकीचा दहा लाखांतला जेमतेम एक भाग उरतो. त्यात पाऊस मिलिमीटरमध्ये तसाच दिला, समजा १२०, तर बेरीज सहज ५ च्या पुढे जाते आणि तिथे उतार ०.००७ सुद्धा नसतो. म्हणून आधी इनपुटची सरासरी शून्य आणि प्रमाण विचलन १ करून घ्यावे.

टॅनएचचा उतार शून्यापाशी १ असतो, शिवाय आउटपुट शून्याभोवती राहते, त्यामुळे तो सिग्मॉइडपेक्षा नक्कीच बरा. पण बेरीज १ झाली की उतार ०.४२, आणि २ झाली की ०.०७. दुखणे लांबते, जात नाही.

रेलूत धन बाजूला उतार नेमका १ असतो, म्हणून गुणाकारात फंक्शनकडून घट येत नाही. वजनांची सुरुवात मात्र काइमिंग हे यांच्या पद्धतीने, म्हणजे व्हेरियन्स २ भागिले इनपुटांची संख्या, अशी करावी. रेलूचा खरा धोका ऋण बाजूला आहे. लर्निंग रेट जास्त असेल तर एखाद्या अपडेटने बायस इतका ऋण होतो की न्यूरॉन प्रत्येक नोंदीला शून्यच देतो. उतारही शून्य, त्यामुळे तो सहसा परत उठत नाही. अशा वेळी लर्निंग रेट दहापट कमी करावा किंवा ऋण बाजूला ०.०१ उताराचा लीकी रेलू लावावा.

जेलू (२०१६) इनपुटला सामान्य वितरणाच्या संचयी संभाव्यतेने गुणतो. शून्याच्या थोडे खाली उतार एकदम तुटत नाही. −१ ला तो सुमारे −०.०८ असतो, त्यामुळे न्यूरॉन पूर्ण मरण्याची शक्यता कमी. बर्ट आणि जीपीटी-२ मध्ये तोच आहे. हिशोब रेलूपेक्षा महाग, म्हणून वरच्यासारख्या छोट्या नेटवर्कला आधी रेलूच लावून पाहावा.

दोष कुठे आहे ते `loss.backward()` नंतर लगेच दिसते:

```python
for n, p in model.named_parameters():
    if p.grad is not None:
        print(n, p.grad.norm().item())
```

पहिल्या थराचा आकडा शेवटच्यापेक्षा हजारो पटींनी लहान असेल तर ग्रेडियंट आटतो आहे. ‘विसर्ग मर्यादेपलीकडे जाईल का’ अशा हो-नाही प्रश्नासाठी शेवटच्या थरावर सिग्मॉइड योग्यच, कारण तिथे त्याला क्रॉस-एंट्रॉपी जोडली की त्याचा उतार समीकरणातून कटतो आणि चूक पूर्ण ताकदीने मागे निघते.